तिचा डाव

मंडळी, लग्नाला दोन वर्षं झाली आणि एक गोष्ट मान्य करायची वेळ आली. माझ्या कपाटात दोन कंट्रोलर आहेत आणि त्यातला दुसरा कंट्रोलर दीड वर्षं प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेर आलेला नव्हता. घेताना मोठ्या कौतुकाने घेतला होता. म्हटलं, बायको आली की दोघं मिळून खेळू. बायको आली. कंट्रोलर पिशवीतच.

पार्श्वभूमी सांगतो. मी गडहिंग्लजचा. पुण्यात नोकरी, पण 2020 नंतर घरून काम सुरू झालं ते बऱ्यापैकी तसंच राहिलं. महिन्यातून एकदा पुण्याला तोंड दाखवून येतो, बाकी वेळ वरच्या खोलीत लॅपटॉपपुढे. सौ. फार्मसिस्ट आहे, बाजारपेठेतल्या एका मेडिकलमध्ये कामाला जाते. रात्री नऊला येते. साडेदहाला माझे कॉलेजचे मित्र ऑनलाइन येतात आणि मी हेडफोन लावतो. एक वाजेपर्यंत. हे असं कितीतरी महिने चाललं होतं आणि मला त्यात काही गैर आहे असं वाटतच नव्हतं. घरीच तर होतो ना मी!

मग एका रात्री ती सहज म्हणाली, "पुण्याला जातोस तेव्हा तरी फोन करतोस. घरी असलास की तेवढंही बोलत नाहीस."

भांडण नव्हतं ते. भांडण असतं तर मी उत्तर दिलं असतं.

तर दुसऱ्या दिवशी मी अस्सल इंजिनियरसारखा विचार केला. प्रॉब्लेम: मी खेळतो, ती खेळत नाही. सोल्यूशन: तिला खेळायला लावा. (आता हसताय ना? मला तेव्हा हे अगदी बरोबर वाटलं होतं.)

पहिला प्रयोग म्हणजे शुद्ध अत्याचार होता. मी तिला माझा आवडता बंदुकीचा खेळ दिला. दहा मिनिटं ती छताकडे बघत भिंतीला धडका देत होती. मी शेजारी बसून "डावी काठी चालायला, उजवी बघायला" असं पाच वेळा सांगितलं आणि सहाव्या वेळी माझा आवाज चढला. ती म्हणाली, "ठेव हे. मी दमलोय." (परगावच्या वाचकांसाठी: आमच्या कोल्हापूर भागात बायकासुद्धा 'मी आलो, मी दमलो' असंच म्हणतात. टायपिंगची चूक नव्हे.)

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आलं, चूक तिची नव्हतीच. एका अंगठ्याने पाय आणि दुसऱ्या अंगठ्याने मान हलवायची, तेही एकाच वेळी, ही काही माणसाला जन्मजात येणारी गोष्ट नाही. आपण ती शाळेत असल्यापासून शिकलो आणि शिकलो होतो हेच विसरलो. 2019 मध्ये रॅझबटन नावाच्या एका यूट्यूबरने आपल्या बायकोला एकामागून एक असे वेगवेगळ्या प्रकारचे खेळ देऊन ती कुठे अडते ते नुसतं बघितलं, मदत न करता. त्याचा व्हिडिओ जरूर बघा. मुद्दा असा की खेळ बनवणारे बऱ्याच गोष्टी गृहीत धरतात. लाल पिंप दिसलं की ते फुटणार, कडेला वेगळा रंग दिसला की तिथे लटकता येणार. ही एक भाषा आहे. ज्याने ती कधी ऐकलीच नाही त्याला 'सोपा खेळ' दिला तरी तो सोपा नसतो.

मग जगातल्या यच्चयावत याद्यांमध्ये 'नवराबायकोसाठी' म्हणून पहिला असलेला खेळ आणला, 'इट टेक्स टू'. 2021 चा. त्यात घटस्फोटाच्या उंबरठ्यावरचं जोडपं बाहुल्या होऊन जातं आणि दोघांनी मिळून परत यायचं असतं. एकट्याला खेळताच येत नाही, दोघं लागतातच. मेलात तर शिक्षाही फार नाही, लगेच परत उभे. गोष्ट तिला आवडली. पण उड्या! तिथेही उजव्या काठीने कॅमेरा फिरवायचाच आणि उडी मारून पुन्हा हवेत उडी मारायचीच. दुसऱ्या दिवशी असं झालं की अवघड उडी आली की ती कंट्रोलर माझ्या हातात द्यायची, मी तिची उडी मारून परत द्यायचो. म्हणजे दोघांचा खेळ मी एकटाच दोन कंट्रोलरवर खेळत होतो आणि ती बघत होती. हे कुणी कुणासाठी केलं म्हणायचं?

तिसरा 'ओव्हरकुक्ड'. स्वयंपाकघराचा खेळ. हा निवडताना मात्र थोडी अक्कल वापरली होती. यात कॅमेरा वरून स्थिर असतो, त्यामुळे उजव्या काठीची भानगड नाही. एक काठी आणि दोन-तीन बटणं. ते तिला पंधरा मिनिटांत जमलं. म्हटलं जिंकलो!

पण आता वेगळाच रोग निघाला. या खेळात ऑर्डरी येत राहतात आणि वर घड्याळ पळत असतं. मला पूर्ण स्वयंपाकघर एका नजरेत दिसत होतं, तिला अजून दिसत नव्हतं. मग मी सुरू झालो. "कांदा चीर. नको, आधी ताट धू. अगं ते पातेलं जळतंय, उचल!" ती उचलत होती. तीन स्टार मिळाले. मी टाळी द्यायला हात पुढे केला तर ती म्हणाली, "दिवसभर दुकानात मालक सांगतो ते करतो. घरी आल्यावर तू सांगतोस ते करायचं. यात माझा खेळ कुठला?"

पत्त्यांच्या आणि पटांच्या खेळाडूंना हा रोग जुना माहीत आहे. 2008 मध्ये 'पँडेमिक' नावाचा पटावरचा खेळ आला, त्यात सगळे मिळून रोगराईशी लढतात. त्यातही हेच होतं. सगळी माहिती सगळ्यांसमोर उघडी असते, मग ज्याला खेळ जास्त कळतो तो सगळ्यांच्या चाली ठरवतो आणि बाकीचे सोंगट्या हलवणारे हमाल होतात. तुमच्या घरी हे होतंय का ते ओळखायची सोपी खूण सांगतो. शेवटच्या पाच मिनिटांत जोडीदाराने तुम्हाला न विचारता एखादी गोष्ट केली का? आणि ती चुकली तर तुम्ही गप्प बसलात का? दोन्हीचं उत्तर 'नाही' असेल तर तुम्ही एकटेच खेळताय.

(ओव्हरकुक्डच्या 2020 च्या एकत्रित आवृत्तीत घड्याळ सैल करायची सोय आहे. ती चालू केली की माझं ओरडणं कमी होतं. बंद मात्र होत नाही. दोष घड्याळात नव्हता.)

आता खरा मुद्दा. मी इतके दिवस 'सोपा खेळ' शोधत होतो. शोधायला पाहिजे होता असा खेळ, ज्यात माझं पंधरा वर्षांचं गेमिंग काही कामाचं नाही. गप्प बसायचं मी ठरवून जमत नव्हतं. मग खेळानेच मला गप्प करायला हवं. त्यासाठी एकच खात्रीचा उपाय आहे: माहिती वाटून टाकायची. जे तिच्यापुढे आहे ते मला दिसताच कामा नये.

असा खेळ सापडला. 2015 चा, नाव लांबलचक: 'कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स'. एकाच्या संगणकावर बॉम्ब दिसतो. दुसऱ्याच्या हातात तो निकामी करायची 23 पानी पुस्तिका असते. बॉम्बवाल्याने पुस्तिका बघायची नाही, पुस्तिकावाल्याने बॉम्ब बघायचा नाही. फक्त बोलायचं. पुस्तिका bombmanual.com वर फुकट मिळते, खेळ एकाच संगणकावर एकच लागतो. मी ती कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली. त्याने पहिलं पान वाचून माझ्याकडे जे बघितलं ते विसरणार नाही.

आणि बघा, पुस्तिका धरणाऱ्याला कंट्रोलर लागतच नाही! लागतं काय? नियम नीट वाचणं, योग्य प्रश्न योग्य क्रमाने विचारणं, गडबडीत डोकं शांत ठेवणं आणि विचित्र खुणा ओळखणं. आमची सौ. संध्याकाळी सहा ते नऊ काउंटरवर आठ गिऱ्हाइकं उभी असताना डॉक्टरांचं अक्षर वाचते. आणखी काय पाहिजे?

पहिल्या बॉम्बला तीन कप्पे आणि पाच मिनिटं असतात. तीन चुका झाल्या की धडाम. शिवाय एक चूक झाली की उरलेलं घड्याळ जोरात पळायला लागतं. आमचा वायरींचा कप्पा असा गेला:

"किती वायरी?"
"तीन. वरती लाल, मग..."
"विचारलं तेवढंच सांग. लाल आहे का, एवढंच."
"आहे."
"शेवटची पांढरी आहे?"
"नाही, निळी."
"निळ्या एकूण किती?"
"दोन."
"मग सगळ्यात शेवटची निळी काप."

कापली. हिरवा दिवा. तीन वायरींचा नियम असाच एकाखाली एक आहे. लाल नसेल तर दुसरी काप. लाल असेल पण शेवटची पांढरी असेल तर शेवटची काप. तेही नसेल आणि निळ्या एकाहून जास्त असतील तर शेवटची निळी. यातलं काहीच नसेल तर शेवटची. आम्ही ज्याला इफ-एल्स म्हणून पगार घेतो ते हेच. पण इथे प्रोग्राम तिच्या हातात होता आणि मी नुसता कीबोर्ड! "विचारलं तेवढंच सांग" हे वाक्य मी ऑफिसात कितीदा दुसऱ्यांना ऐकवलं असेल, घरी पहिल्यांदा ऐकून घेतलं.

पण सगळ्यात मजा खुणांच्या कप्प्यात. बॉम्बवर चार चित्रविचित्र चिन्हं येतात. पुस्तिकेत सात-सात चिन्हांचे सहा उभे स्तंभ आहेत. ज्या एकाच स्तंभात तुमची चारही चिन्हं असतील तो शोधायचा आणि वरून खाली त्या क्रमाने बटणं दाबायची. चिन्हांना नावं नाहीत, ती आपणच द्यायची. पहिल्या दिवशी मी "ते ग्रीक अक्षर, साय" म्हणालो. ती म्हणाली, "मला ग्रीक येत नाही. दिसतं कसं?" म्हटलं, त्रिशूळ. "हां, आता कसं!"

मग आमचा कोशच तयार झाला. Ψ म्हणजे त्रिशूळ. Ω म्हणजे घोड्याची नाल. ☺ हा हसणारा बाळ्या. ¶ म्हणजे 'उलटा पी, दोन पायांचा'. ★ भरलेली चांदणी आणि ☆ रिकामी चांदणी. (या दोघींच्या गोंधळात आमचे दोन बॉम्ब फुटलेत, त्यामुळे 'भरलेली' की 'रिकामी' हे आधी बोलायचं असा नियम झाला.) एकदा त्रिशूळ, बाळ्या, उलटा पी आणि भरलेली चांदणी अशी चौकडी आली. ती म्हणाली, "बाळ्या दोन स्तंभांत आहे, पी पण त्याच दोन स्तंभांत. पण भरलेली चांदणी एकाच स्तंभात. मग पाचवा. त्रिशूळ, बाळ्या, पी, चांदणी." मी दाबत गेलो. सगळ्यात दुर्मिळ खूण आधी धरायची, ही युक्ती तिची. मी असतो तर सहाही स्तंभ पहिल्यापासून तपासले असते आणि वर वेळ गेला म्हणून खेळालाच शिव्या घातल्या असत्या.

त्या रात्री साडेदहाला मित्रांचे मेसेज आले. मी हेडफोन लावला नाही. मुद्दाम त्याग वगैरे केला असं नाही, खरंच विसरलो.

या खेळाची मर्यादाही सांगतो. पुस्तिका पाठ झाली की गंमत उतरते. मग अदलाबदल करायची, मी पुस्तिका आणि ती बॉम्ब. त्यात कॅमेऱ्याची कसरत नाही, माउसने बॉम्ब उलटसुलट करायचा आणि क्लिक करायचं एवढंच, त्यामुळे तिला ते सहज जमलं. पण दमलेल्या दिवशी हा खेळ नको. घड्याळ ते घड्याळच. दुकानातून भांडून आलेल्या माणसाला पाच मिनिटांचा बॉम्ब देऊ नये, हा माझा अनुभवाचा सल्ला.

इथे लेख संपायला हरकत नव्हती. पण मे महिन्यात वळीव आला आणि लाईट गेली.

गडहिंग्लजमध्ये वळवाला लाईट जाणं ही काही बातमी नव्हे. इन्व्हर्टर तासाभरात बसला. वायफाय गेलं, लॅपटॉप गेला. सासूबाई आल्या होत्या. त्यांनी खडू मागितला, सोप्यातल्या शहाबादी फरशीवर पाच बाय पाचच्या रेघा मारल्या, चार बाजूंच्या मधल्या घरात आणि मध्यभागी फुल्या काढल्या. म्हणाल्या, "जावईबापू, चल्लस येतं का?"

नाव ऐकलं होतं. आजी खेळायची. पलीकडे कर्नाटकात ह्यालाच चौकाबारा म्हणतात. चार चिंचोके एका बाजूने दगडावर घासून पांढरे केलेले, तेच फासे. किती पांढरे वर पडले ते दान. चारही पांढरे तर चार, चारही काळे तर आठ, आणि चार किंवा आठ पडलं की पुन्हा टाकायचं. प्रत्येकाच्या चार सोंगट्या, आमच्याकडे बांगड्यांचे तुकडे आणि खडे. आपल्या फुलीपासून निघून बाहेरची सोळा घरं उजवीकडून फिरायची, मग आत वळून उलट्या दिशेने आतली आठ, मग मध्य. फुलीवर बसलेली सोंगटी सुरक्षित, बाकी कुठेही सापडली तर मार खाऊन घरी. आणि सगळ्यात भारी नियम: समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत शिरायचंच नाही. नियम घरोघरी थोडे बदलतात, हे आमच्या सासरचे.

माझं डोकं लगेच आकडेमोडीला लागलं. चिंचोके सरळ असतील तर सोळांत एकदा चार, सोळांत एकदा आठ, सरासरी दान अडीच. एका सोंगटीला पंचवीस घरांत चोवीस पावलं, चार सोंगट्यांना शहाण्णव. पुन्हा टाकण्याचं धरून एका पाळीला साधारण 2.86. म्हणजे कुणी कुणाला मारलं नाही तरी चौतीसेक पाळ्या. मी हे मोठ्याने सांगत असताना सौ.ने माझी सोंगटी मारली.

"आकडे बरोबर आहेत," ती म्हणाली, "पण चिंचोके सरळ नाहीत." आणि खरंच नव्हते. एक बाजू घासल्यावर वजन हलतं. समजा शंभरात साठ वेळा पांढरी बाजू वर पडत असेल, तर चार पडायचं प्रमाण शंभरात सहावरून तेरावर जातं आणि आठ जेमतेम अडीचवर येतं. तिला हे आकडे माहीत नव्हते. पण या चिंचोक्यांनी आठ क्वचित पडतं हे तिला लहानपणापासून माहीत होतं, म्हणून ती माझ्यापुढे आठ घरांवर बिनधास्त सोंगटी ठेवत होती आणि चार घरांवर कधीच नाही. मी तीन डाव हरलो. सासूबाईंनी चौथ्यात मला दया म्हणून सोडलं असावं असा संशय आहे.

त्या तीन डावांत मी तिच्याबद्दल जे ऐकलं ते दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. चल्लसमध्ये समोरच्याची पाळी चालू असताना तुम्हाला काही काम नसतं, म्हणून माणूस बोलतो. ती लहानपणी दर उन्हाळ्यात आजऱ्याला मावशीकडे जायची, तिथे मावशी तिला मुद्दाम हरवायची आणि ती रडत माळ्यावर जाऊन बसायची. सासूबाई म्हणाल्या, "मग एक वर्ष हिने एकटीने दोन्ही बाजूंनी खेळून सराव केला. पुढच्या मे महिन्यात मावशीला हरवून आली." मी बघतच राहिलो. एकटीने, रात्री, तासन्‌तास, हरायचं नाही म्हणून! आणि मी मित्रांना सांगत होतो की माझी बायको 'गेमर' नाही.

चूक माझ्या प्रश्नातच होती. 'तिला माझे खेळ कसे आवडतील' असं मी विचारत होतो. 'ती काय खेळायची' हे दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

असो. आता आमची व्यवस्था अशी आहे. शुक्रवारची रात्र माझी आणि मित्रांची, हेडफोनसकट, त्याबद्दल तिची काही तक्रार नाही. प्रत्येक खेळ दोघांनी मिळून खेळलाच पाहिजे असं आम्हा दोघांनाही वाटत नाही. बुधवारी बॉम्ब. रविवारी दुपारी चल्लस. दुसरा कंट्रोलर मी मित्राच्या भावाला विकला.

फरशीवरचा खडू मात्र आईने पुसू दिलेला नाही. सध्या हिशोब तिचे अकरा, माझे चार. एक चिंचोका मी हळूच थोडा आणखी घासून बघितला होता. तिने हातात घेतल्याबरोबर ओळखला.

तुमच्या घरी काय खेळतात? आणि तुमच्याकडे आठ पडल्यावर पुन्हा किती वेळा टाकू देतात? वाद चालू आहे, निकाल लागायचा आहे.